सोमवारची मोजणी आणि ७१ पोत्यांचा आकडा

दुकानात सरकी ढेप आठवड्यातून एकदाच मागवतो. सोमवारी सकाळी पोती मोजायची, अकोल्याला फोन करायचा, गुरुवारी सकाळी गाडी येते. रोज मागवलं तर भाडंच ढेपीपेक्षा जड होईल.

उन्हाळ्यात रोज सरासरी ६ पोती जातात. सुरुवातीला मी आठवड्याची ४२ आणि वर ११ राखीव, म्हणजे शिल्लक आणि मागणी मिळून ५३ चा आकडा धरला होता. तरी दर एक-दोन आठवड्यांनी बुधवारी ढेप संपायची. चूक मोजणीत नव्हती, दिवसांत होती. आज फोन केला की पुढचा फोन ७ दिवसांनी, आणि त्या फोनचा माल आणखी ३ दिवसांनी. म्हणजे आजच्या आकड्यावर १० दिवस काढायचे असतात, ७ नाही.

मग मागच्या उन्हाळ्याच्या बिलबुकातून दहा-दहा दिवसांच्या बेरजा काढल्या. अशा १२ बेरजा झाल्या. सरासरी ६० आली. एकच बेरीज ७४ ची, बाकी सगळ्या ७० च्या आत. ७४ साठी कायम जादा पोती पडून ठेवणं परवडत नाही, म्हणून ७१ ठरवला. एक काळजी घ्यावी लागते: ज्या दिवशी ढेपच नव्हती, तो दिवस 'विक्री शून्य' म्हणून धरला तर आकडा खोटा उतरतो. ते दिवस मी वगळले.

आता सोमवारी २९ पोती असली तर ४२ मागवतो. गुरुवारी गाडी लागेपर्यंत १८ जातात, ११ उरतात. हेच ते राखीव. गाडी लागण्याआधी दर गुरुवारी ४-५ च पोती उरू लागली, तर समजायचं की खप वाढलाय.

खरा गोंधळ पावसात होतो. नाल्याला पूर आला, गाडी अडली, आणि पुढच्या सोमवारी गोदाम रिकामं. तेव्हा हात आपोआप ७१ च्या मागणीकडे जातो. पण आधीची ४२ अजून रस्त्यात आहेत, ती धरायलाच हवीत. शिवाय ४ पोत्यांचे पैसे गिऱ्हाइकांनी आधीच देऊन ठेवले असतील तर ती वजा. ४२ वजा ४ म्हणजे ३८, ती ७१ मधून गेली की मागणी ३३. हे विसरलं की दोन्ही गाड्या मिळून ११३ पोती येतात, आणि दमट गोदामात ढेपीला बुरशी धरते. बुरशीची ढेप जनावराला घालायची नाही, म्हणजे तेवढी रक्कम गेलीच.

तसंही हिरवा चारा आला की खप ४ वर येतो, म्हणून जूनच्या शेवटी मी ७१ चा आकडा फळ्यावरून पुसतो. पावसाळ्याच्या बेरजा वेगळ्या काढल्यात, त्यावरून ५० धरतो. गाडी नेहमीच दोन दिवस उशिरा येऊ लागली तर मात्र १० दिवसांचे १२ करून सगळं पुन्हा मांडावं लागतं.