शंभरात वीस

कापूस वेचणीचे दिवस असले की सहावीचा वर्ग अर्धा रिकामा असतो. परवा बावीसपैकी तेरा पोरं आली. नवीन धडा सुरू करण्यात अर्थ नव्हता, म्हणून नफा-तोट्याची वर्कशीट दिली. दहा प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. संध्याकाळी लाईट गेली होती. अंगणात खुर्ची टाकून उजेड आहे तोवर गठ्ठा संपवावा म्हणून लाल पेन घेऊन बसले.

बारा पेपर भराभर झाले. तेराव्यावर अडकले.

पहिला प्रश्न : ४०० रुपयांना घेतलेली संत्र्यांची पेटी ५०० रुपयांना विकली, शेकडा नफा किती? उत्तर २५. याने लिहिलं होतं २०. वजाबाकी बरोबर, नफा १०० बरोबर, भागाकारही बरोबर. फक्त १०० ला ४०० ने भागायचं तर ५०० ने भागलं होतं. खरेदीच्या जागी विक्री. घाईत झालं असेल म्हणून फुली मारली आणि पुढे गेले.

दुसरा प्रश्न तोट्याचा. ५००० ची बकरी ४००० ला विकली. उत्तर २०, याचं २५. इथे मात्र पेन थांबला.

वर्गात एक नेहमीची चूक होते, ती मला तोंडपाठ आहे. काही पोरांना वाटतं, छेदात मोठा आकडा लिहायचा. ती पोरं नफ्याची गणितं चुकतात आणि तोट्याची बरोबर सोडवतात, कारण तोट्यात खरेदीच मोठी असते. अशा पोराला नुसती तोट्याचीच गणितं दिली तर पैकीच्या पैकी गुण मिळतील आणि मॅडमला वाटेल, आलं बाई याला. पण या पठ्ठ्याने तोट्यातही विक्रीनेच भागलं होतं. म्हणजे मोठा-लहान काही नाही, याचा छेद ठरलेला होता. त्याची मांडणी झाकून ठेवली असती तरी नुसत्या उत्तरांवरून ओळखता आलं असतं : नफा प्रत्येक ठिकाणी माझ्यापेक्षा कमी, तोटा प्रत्येक ठिकाणी जास्त. नफ्यात कंजूष, तोट्यात उदार.

आता आपण मास्तर लोक पोरांना काय सांगतो? पडताळा करून पाहा. सहावा प्रश्न उलटा होता : ५०० रुपयांना विकून २५ टक्के नफा झाला, तर खरेदी किती? याने ५०० चे २५ टक्के १२५ काढले, वजा केले, ३७५ लिहिले. आणि खाली, शहाण्या मुलासारखा, पडताळाही लिहिला : ३७५ ला घेतली, ५०० ला विकली, नफा १२५, पाचशेत सव्वाशे म्हणजे २५ टक्के. जुळलं! जुळणारच. जो छेद घेऊन तो गेला, तोच छेद घेऊन परत आला. खरं उत्तर ४००. पण ते त्याला त्या पडताळ्यातून कधीच कळलं नसतं. इतकी वर्षं मी पडताळ्याचा धोशा लावते आहे, आणि पडताळ्याच्या कुशीत चूक अशी सुखाने झोपते हे मला त्या संध्याकाळी दिसलं.

सगळ्यात गंमत आठव्या प्रश्नाची. टमाट्याचं कॅरेट ५०० ला घेतलं, बाजार उठता उठता २०० ला देऊन टाकलं. तोटा ३००. उत्तर ६० टक्के. याने लिहिलं, १५० टक्के. खाली दोन रेघाही मारल्या, ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. चूक दाखवायच्या आधी विचारलं, "विक्रीनं काऊन भागलं रे?"

"मग कायनं भागायचं मॅडम?" त्याने मलाच विचारलं. "शंभराचा माल विकला का वीस सुटते. बाबा असंच काढते."

त्याच्या बाबांचं बसस्टँडजवळ जनरलचं दुकान. कंगवे, पिना, वह्या, टिकल्या. मंगळवारी बाजारात पालही लावतात. रात्री गल्ला मोजायचं काम या पोराकडे. हजार रुपये निघाले तर आठशे मालाचे, दोनशे घरचे, हा हिशोब तो दुसरीपासून करतो आहे. आणि तो हिशोब चुकीचा कुठे आहे? दुकानदाराच्या हातात रात्री काय असतं? विक्री. कोणता कंगवा कितीला आणला होता हे दर वेळी कोण बघत बसतं? विक्रीवर टक्का धरला की गल्ल्यावरून नफा लगेच निघतो. मार्केट यार्डात मालाच्या विक्रीवरच टक्का लावून अडत काढतात. इतकंच काय, आठवीत हीच पोरं सूट शिकतील तेव्हा टक्का छापील किमतीवर असेल आणि कमिशन विक्रीवर. आम्ही मात्र सहावीत एक वाक्य फळ्यावर लिहून मोकळे होतो : शेकडा नफा खरेदीवर काढतात. का काढतात, ते मीही कधी सांगितलं नव्हतं.

मग सांगितलं. गल्ला विचारतो, आलेल्या पैशात माझे किती. पुस्तक विचारतं, घातलेला पैसा किती वाढला. बाबांनी ऐंशी घातले, शंभर आले. ऐंशीवर वीस, तर शंभरावर किती?

त्याने बोटावर काहीतरी केलं. "पंचवीस?"

"हो."

"मग वीस खोटे हाय का?"

"खोटे नाहीत. ते शंभर विकल्यावरचे आहेत, हे ऐंशी घातल्यावरचे." तो पटल्यासारखा दिसला नाही. मग मी टमाटे काढले. "तुह्या बाबांनी पाचशेचं कॅरेट घेतलं आणि सगळंच सडलं, फेकून दिलं. किती गेले?"

"पाचशे."

"म्हणजे घातलेले सगळेच. शंभरातले शंभर. आता तू तर दोनशे परत आणले, आणि तोटा लिहिला शंभरात दीडशे. वरचे पन्नास कोणाच्या खिशातून गेले?"

तो पेपराकडे बघत राहिला. मग हसू फुटलं आणि त्याने स्वतःच १५० वर काट मारली. सडलेल्या कॅरेटला विक्रीने भागायला गेलास तर छेदात शून्य येईल, हे सांगायचा मोह मी आवरला. एका सुट्टीत एवढं पुरे होतं.

गुणांचा प्रश्न उरला. शेजारच्या वर्गाचे सर म्हणाले, "चूक म्हणजे चूक, बाप्पा. शून्य द्या." मी प्रत्येक गणिताला दोनपैकी एक दिला. नफा की तोटा हे त्याने ओळखलं होतं, वजाबाकी केली होती, भागाकारही नीट होता. समासात फुलीऐवजी लिहिलं : कशावर? आता पुढच्या वर्कशीटमध्ये प्रत्येक उत्तराआधी एक रिकामी ओळ ठेवणार आहे : "हे शंभर कशाचे?" ती भरल्याशिवाय पुढे भागायचं नाही.

शनिवारी त्याच दुकानात पिना घ्यायला गेले. दोन-तीन गिऱ्हाईकं उभी होती. बाबांनी पुडी बांधता बांधता आवाज खाली आणला.

"मॅडम, पोट्ट्याले काय शिकवलं तुमी? काल रात्रीपासून सांगून राह्यला, आपल्याले वीस नाही, पंचवीस टक्के सुटते. आन् तेही गिऱ्हाईकासमोर! सकाळपासून तीन जणांनी भाव कमी करून घेतला."