फ्रान्समध्ये ज्युदो खेळत नाहीत, करतात

इकडे सप्टेंबर म्हणजे शाळा सुरू होण्याचा आणि क्लब-क्लासेस ठरवण्याचा महिना. गावोगाव असोसिएशन्सचा मेळावा भरतो, एखाद्या हॉलमध्ये नाहीतर मैदानावर टेबलं मांडलेली असतात, एका टेबलावर ज्युदोवाले, शेजारी बॅडमिंटन, पुढे नाटक, मातीकाम, भिंत चढणारे, आणि लोक मुलांना घेऊन फिरत वर्षभराची नावनोंदणी करतात. भारतातून नवीन आलेल्या आईबाबांचं फ्रेंच इथे हमखास अडखळतं, कारण आपल्या डोक्यात "खेळणे" हे एकच क्रियापद बसलंय. आपण क्रिकेट खेळतो, कॅरम खेळतो, कुस्ती खेळतो, कराटेसुद्धा खेळतो. फ्रेंचमध्ये या चारांची दोन घरं होतात. क्रिकेट-कॅरमला "झुए आ", कुस्ती-कराटेला "फेर द".

"झुए आ" म्हणजे खेळणे, आणि ते लागतं ज्याला डाव किंवा मॅच म्हणता येईल अशा गोष्टींना: फुटबॉल, टेनिस, पत्ते, बुद्धिबळ, व्हिडिओ गेम. "फेर द" म्हणजे करणे, आणि ते बाकी सगळ्याला: पोहणं, सायकल, योगा, डोंगर चढणं, बागकाम, फोटोग्राफी, नाटक. आता कोणी म्हणेल ज्युदोमध्येही समोर प्रतिस्पर्धी असतो, हारजीत असते, मग ते खेळणं का नाही? तर फ्रेंच माणसाच्या कानाला नुसती हारजीत पुरत नाही, बॉल, पत्ते, सोंगट्या असलं काहीतरी लागतं (कामचलाऊ खूण म्हणा). शिवाय लहान मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळतात त्यालाही "झुए ओ दॉक्तर" म्हणतात, म्हणून "झुए ओ ज्युदो" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं पोरं ज्युदो-ज्युदो खेळतायत, लुटूपुटूचं.

पुढचं छोटं अव्यय नामाच्या लिंगावर बदलतं. पुल्लिंगी असेल तर "आ"चं "ओ" होतं आणि "द"चं "द्यु", म्हणजे झुए ओ तेनिस, फेर द्यु वेलो (वेलो म्हणजे सायकल). स्त्रीलिंगी असेल तर काही वितळत नाही, झुए आ ला पेतांक (पेतांक म्हणजे गोळे टाकायचा खेळ), फेर द ला नातास्यों, म्हणजे पोहणं. म्हणून खेळाचं नाव पाठ करताना लिंगासकट करा, नंतर जोडत बसायला वेळ मिळत नाही.

पुस्तकात जे थोडक्यात उरकतात ते खरं तर सगळ्यात कामाचं आहे. "फेर द" फुटबॉललाही चालतं! समजा शेजारच्या बाईंनी विचारलं की तुमचा मुलगा काय करतो. "इल झू ओ फूत" म्हणालात तर तो फुटबॉल खेळतो, अंगणात, मधल्या सुट्टीत, कुठेही. "इल फे द्यु फूत" म्हणालात तर चित्र बदलतं, तो क्लबात जातो, त्याचं प्रॅक्टिस असतं, शनिवारी मॅच असते. त्या मेळाव्यात म्हणूनच "फेर"च जास्त कानावर पडतं. वाद्यांचंही तसंच आहे, वाजवण्याला "झुए द" (हो, इथे "आ" नाही, "द"), "झुए द्यु पियानो", पण मुलगी पियानोच्या क्लासला जाते हे सांगायचं तर "एल फे द्यु पियानो".

नकार देताना अजून एक गंमत. "मी सायकल चालवत नाही" म्हणताना "द्यु" आक्रसून नुसतं "द" होतं, झ फे पा द वेलो. पण "झुए"चं "ओ" जागचं हलत नाही, झ झू पा ओ फूत. माझ्या मते परीक्षेत मार्क जातात ते बहुतेक इथेच, पुण्यात आलियाँसला फ्रेंच शिकणाऱ्यांनी हे एकदा मोठ्याने म्हणून बघावं.

आणि "द" काढून "एक" लावलं की सवय संपते, एकदाचा बेत उरतो. "फेर द ला रांदो" म्हणजे ट्रेकिंगचा छंद, "फेर युन रांदो" म्हणजे या रविवारचा एक ट्रेक. उन्हाळ्यात संध्याकाळी कोणी "ऑं फे युन पेतांक?" म्हणालं तर ते तुमचा छंद विचारत नाहीयेत, आत्ता एक डाव टाकायला बोलावतायत. लोखंडी गोळे त्यांच्याकडे असतात, तिघातिघांची टीम असेल तर प्रत्येकाला दोन गोळे, सहा ते दहा मीटरवर एक छोटा लाकडी गोळा फेकतात आणि आपले गोळे त्याच्या जवळात जवळ टाकायचे, जी टीम आधी तेरा पॉइंटला पोचेल ती जिंकली. उत्तर द्यायला "वी" पुरतं.