बारा रील, चार कुर्ते

रविवार, रात्री साडेनऊ

घसा बसलाय. आई म्हणाली, गुळण्या कर. त्या आधी हे लिहून टाकते, कारण आजच्या चुका उद्या आठवणार नाहीत.

आज महिन्याभराचं शूट होतं. शुद्धलेखनाच्या बारा रील, प्रत्येकी साधारण पाऊण मिनिटाच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा आठवड्याला तीन, म्हणजे चार आठवड्यांची सोय. आठवडाभर नोकरी करून रोज रात्री एक रील करायचा प्रयत्न मी वर्षभर केला. खोलीतलं सामान सरकवायचं, फोन स्टँडवर लावायचा, उजेड जुळवायचा, यातच तासभर जायचा आणि बोलायचं असायचं पंचेचाळीस सेकंद. तो तास महिन्यातून बारा वेळा घालवण्याऐवजी एकदाच घालवायचा, एवढाच यातला हिशोब.

पण खरं काम काल रात्रीच झालं होतं. बारा संहिता लिहून, मोठ्याने वाचून, घड्याळ लावून. माझ्या बोलण्याच्या वेगाने शंभर-सव्वाशे शब्दांत पाऊण मिनिट भरतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून 'आता काय बोलू' असं झालं की तो दिवस गेलाच. संहितेतून 'आज', 'काल', 'या आठवड्यात' हे शब्दही खोडून टाकते. रील कधी जाणार ते शूटच्या दिवशी नक्की नसतं, मग 'काल मला एकीने विचारलं' हे वाक्य तीन आठवड्यांनी खोटं पडतं.

कपड्यांचं गणित माझ्या मैत्रिणींना गमतीचं वाटतं. चार कुर्ते: निळा, पिवळा, हिरवा, मरून. एका कुर्त्यात तीन रील. पण निळ्यातल्या तीन रील लागोपाठ टाकल्या तर एकाच दिवशी उरकल्याचं कोणालाही कळेल. म्हणून प्रसिद्ध करायच्या क्रमाने पहिली, पाचवी आणि नववी निळ्यात; दुसरी, सहावी, दहावी पिवळ्यात; पुढेही तसंच. शूट मात्र कुर्त्याच्या क्रमाने. यादी भिंतीवर चिकटवलेली असते, कारण 'पाचवी झाली, आता सहावी' असं हात आपोआप म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कागदावर आकडा लिहून कॅमेऱ्याला दाखवते. नाहीतर रात्री पन्नास क्लिप उघडून 'उज्ज्वल' कुठे आणि 'पारंपरिक' कुठे हे शोधत बसावं लागतं.

केसांचं मात्र अजून जमलेलं नाही. सकाळी न्हाऊन बसले, तर पहिल्या रीलमध्ये केस चापून बसलेले आणि तिसरीपर्यंत वाळून फुगलेले. पुढच्या वेळी आदल्या दिवशी न्हायचं.

आमची खिडकी पूर्वेला. साडेआठ ते अकरापर्यंत पातळ पांढऱ्या पडद्यातून छान मऊ उजेड येतो. त्या वेळेत ज्या रील समजावून सांगायला अवघड, त्या. 'महत्त्व'मध्ये दोन त का, हे सांगताना चेहऱ्यावर उत्साह लागतो आणि तो जेवणाआधीच असतो. फोनचा उजेड आणि रंग आधीच लॉक करते. तसं नाही केलं तर ढग आला की फोन स्वतःच उजेड वाढवतो आणि वाक्याच्या मध्येच माझा चेहरा उजळतो. फोन फ्लाइट मोडवर. पंखा बंद. ऑगस्टात पंखा बंद ठेवून तीन रील म्हणजे कपाळावर घाम, म्हणून दर रीलनंतर पाच मिनिटं पंखा लावायचा आणि टिकली तपासायची.

दुपारी दीडनंतर मरून कुर्ता. ढग दाटून आले, खोली अंधारली. मी छतावरचा एलईडी दिवा लावला आणि चौथी व आठवी रील सलग उरकली. बारावीच्या आधी सहज त्या दोन्ही क्लिप लावून बघितल्या तर मागच्या भिंतीवर राखाडी पट्टे हळूहळू वर सरकत होते. डोळ्यांना हे दिसत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. फोनचा शटर १/६० सेकंदावर असेल तर त्याचा मेळ बसत नाही आणि पट्टे उमटतात. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० केला, म्हणजे एका फ्रेममध्ये दिव्याचे बरोबर दोन फेरे बसतात. पट्टे गेले. दोन रील मात्र पुन्हा. एडिटिंगमध्ये हे पट्टे घालवण्याच्या नादाला मी एकदा लागले होते, पुन्हा नाही लागणार.

मागच्या महिन्यात याहून वाईट झालं होतं. सातव्या रीलला कॉलर माइकची बॅटरी संपली, फोनने मुकाट्याने स्वतःचा माइक सुरू केला आणि मला संध्याकाळी कळलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा. तेव्हापासून प्रत्येक रीलनंतर इअरफोन लावून पहिली पाच सेकंद ऐकते. शंका असेल तर लगेच पुन्हा, त्याच उजेडात, त्याच केसांत. संध्याकाळी एखादं वाक्य घेऊन दुपारच्या रीलमध्ये ठिगळ लावलं तर ते ठिगळासारखंच दिसतं.

सहाच्या आत संपवणं भागच होतं. सहाला नदीकाठी ढोल पथकाचा सराव सुरू होतो आणि मग गणपती होईपर्यंत पुण्यात शांततेत काही रेकॉर्ड करायचं म्हणजे थट्टाच. पावणेसहाला शेवटची रील संपली.

जेवून झाल्यावर वेळापत्रक लावलं. इन्स्टाग्रामवर ७५ दिवसांपर्यंत पुढची तारीख देता येते, पण मी महिन्यापलीकडे जात नाही. 'आशीर्वाद'ची रील (लोक सर्रास 'आशिर्वाद' लिहितात) गणपतीच्या आदल्या शुक्रवारी ठेवली, कारण त्या आठवड्यात प्रत्येक मंडळाच्या फ्लेक्सवर ती चूक असते. बाकीच्या पुढेमागे झाल्या तरी चालतील.

'श्रद्धांजली'ला तारीख दिली नाही. जूनमध्ये याच शब्दाची एक रील वेळापत्रकात टाकून मी विसरून गेले होते. 'द्ध' लिहा, 'ध्द' नाही, असं मी हसत हसत सांगत होते. बरोबर त्या संध्याकाळी सातला ती गेली, आणि त्याच दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजी गेल्या होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या नातवाने 'भावपूर्ण श्रध्दांजली' असं लिहिलं होतं. तीन जणांनी माझी रील त्याच्याखालीच टाकली, कोणी मुद्दाम, कोणी न कळत. मी त्याला भेटून माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला काय माहीत." मला माहीत नव्हतं हे खरंच, पण मी त्या दिवशी फोन उघडून बघितलासुद्धा नव्हता.

आता रोज सकाळी चहाबरोबर त्या दिवशीची रील एकदा बघते आणि गरज पडली तर पुढे ढकलते. ही नवी 'श्रद्धांजली' आज न हसता केली आहे. ती ड्राफ्टमध्ये पडून राहील.

उद्या सात वाजता निळा कुर्ता. तो आत्ता बादलीत भिजतोय.