वर्गणी थांबली, देणगी चालू: गळालेले सभासद शोधताना

सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या संगीतसंस्थेची मी खजिनदार. वर्गणी महिना 200 रुपये. ऑगस्टमधल्या वार्षिक सभेआधी मतदारयादी नक्की करायची होती. संस्था नोंदणी कायदा, 1860 च्या कलम 15 प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली की मत देता येत नाही, सभासद म्हणून गणनाही होत नाही. त्यामुळे कोणाचं नाव वगळायचं हे अंदाजाने ठरवणं मला मान्य नव्हतं.

शेवटचे पैसे कधी आले, एवढं पाहून हे कळत नाही. एप्रिलमध्ये 2400 एकदम भरणाऱ्याचं खातं पुढे अकरा महिने गप्प असतं, तरी तो नियमित. उलट एखाद्याने गेल्याच महिन्यात 200 भरले, पण ते वर्षापूर्वीच्या थकबाकीत जातात. म्हणून प्रत्येकाची वर्गणी कोणत्या महिन्यापर्यंत भरून झाली आहे, ते काढलं. स्प्रेडशीटमधल्या `Jama` शीटमध्ये सभासद क्रमांक, तारीख, रक्कम आणि प्रकार. यादीत क्रमांकाशेजारी हिशेबाच्या पहिल्या महिन्याची 1 तारीख:

```
=EDATE(B2, INT(SUMIFS(Jama!C:C, Jama!A:A, A2, Jama!D:D, "वर्गणी")/200)-1)
```

नावाऐवजी क्रमांक वापरला, कारण कित्येकांचे पैसे बायकोच्या किंवा मुलाच्या खात्यावरून येतात.

यादीत एका ज्येष्ठ सभासदांसमोर मार्च 2025 आलं आणि मी थबकले. काका दर शनिवारी पहिल्या रांगेत असतात! बँकेच्या पासबुकात त्यांच्या नावाने दरमहा 500 येतही होते. पण ती यूपीआय ऑटोपेवरची ग्रंथालयाची देणगी होती. वर्गणी कार्डवरून पेमेंट गेटवेमार्फत कापली जायची, आणि गेटवे सगळ्यांचे पैसे स्वतःचं शुल्क वजा करून एकगठ्ठा जमा करतो. त्यात कोणाचे आले नाहीत, हे पासबुकात दिसणारच नाही. गेटवेचा व्यवहार अहवाल उतरवला, तेव्हा एप्रिलच्या ओळीत `failed` होतं. कार्डची मुदत मार्चअखेर संपली होती.

फोन केला. "अगं, दर महिन्याला पैसे जातात माझे!" काका म्हणाले. मग, "त्या पाचशेतूनच वळते करून घे ना."

ते करता येत नव्हतं. त्या रकमांच्या देणगीपावत्या दिल्या होत्या. वर्गणी म्हणजे आयकर सवलतीच्या कलम 80जीखालची देणगी नव्हती, आणि देणगीदारांचं विवरण, फॉर्म 10बीडी, आयकर खात्याकडे दरवर्षी 31 मेपर्यंत जायचं. एकदा देणगी म्हणून घेतलेले पैसे सोयीसाठी वर्गणीत टाकले, की दोन्ही हिशेब खोटे ठरतात. काकांना ते पटलं. एप्रिल ते ऑगस्टचे 1000 रुपये त्यांनी सभेआधी भरले आणि नव्या कार्डवर वर्गणीची परवानगी पुन्हा दिली.

थकलेल्या बाकीच्यांनाही मग एकच पत्र न पाठवता दोन गट केले. अहवालात `failed` असलेल्यांना "तुमचा हप्ता बँकेतून कापला गेला नाही" असं सांगितलं. ज्यांनी स्वतःहून परवानगी रद्द केली होती, त्यांना फोन करून फक्त विचारलं, सभासद राहायचं आहे का.