स.न.वि.वि.

परवा दुपारी जेवणानंतर पेपर घेऊन आडवा झालो होतो. तरुणांच्या पुरवणीत कुणीतरी लिहिलं होतं, 'घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही लिटरली म्हातारे झालो.' झोप गेली. उठलो, चष्मा लावला आणि कागद ओढून लिहायला घेतलं : मा. संपादक, स.न.वि.वि.

खरं तर घोडबंदरला ते वाक्य शब्दशः खरं ठरायला फार वेळ लागत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

पत्राची सुरुवात जोरदार झाली. 'लिटरली' हा शब्द लॅटिनमधल्या 'लिटेरा'वरून आला. लिटेरा म्हणजे अक्षर. आपला 'अक्षरशः'ही नेमका तसाच घडलेला. दोन्हीकडे अर्थ एकच, जसं लिहिलंय अगदी तसंच, अक्षराला अक्षर लावून. तेव्हा ज्यांचे केस अजून काळे आहेत त्यांनी आपण लिटरली म्हातारे झालो असं लिहू नये. इथवर हात सरसर चालला. मग वाटलं, नुसती तक्रार करून भागणार नाही, शब्दांचे अर्थ कसे घसरत जातात तेही संपादकांना समजावून सांगावं. आणि घोळ तिथेच झाला.

ही खोड आजकालच्या पोरांची, असं मी ठोकून देणार होतो. पण लिटरलीचा असा वापर १७६९ सालच्या एका इंग्रजी कादंबरीतही सापडतो. फ्रान्सेस ब्रुक नावाच्या बाईंची 'द हिस्टरी ऑफ एमिली माँटेग्यू'. तिच्यात सुंदर बायकांच्या घोळक्यात जाऊन बसणं म्हणजे 'लिटरली' लिलीच्या फुलांत चरणं, असं म्हटलंय. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाने २०११ साली हा सैल अर्थ नोंदवला, दोन वर्षांनी ते लोकांच्या लक्षात आलं आणि इंग्रज हळहळले. म्हणजे ज्याला मी नवी कीड म्हणत होतो, ती पानिपतच्या लढाईनंतर आठच वर्षांनी छापून आलेली होती.

पुढे मी लिहिलं की हल्ली लिटरलीचा अर्थ बरोबर उलटा, म्हणजे 'अलंकारिक अर्थाने' असा झालाय. लिहून झाल्यावर वाक्य पुन्हा वाचलं आणि खोडलं. माझी लेक जिना चढून वर येते आणि सोफ्यावर अंग टाकत म्हणते, 'बाबा, मी लिटरली मेले.' तिथे लिटरली काढून 'अलंकारिक अर्थाने' घालून बघा. 'बाबा, मी अलंकारिक अर्थाने मेले.' असं कुणी म्हणत नाही. आता 'अगदी' घाला. चपखल बसतो. म्हणजे शब्द उलटलेला नाही, नुसता झिजलाय. आधी तो खरेपणाची हमी द्यायचा, आता फक्त आवाज चढवतो.

हमी देणाऱ्या सगळ्याच शब्दांवर ही पाळी येते. समोरचा विश्वास ठेवणार नाही असं वाटलं की आपण 'खरंच' म्हणतो, आणि अशी वेळ आपल्यावर थापा मारतानाच जास्त येते. इंग्रजीतला 'व्हेरी' मुळात 'खरा' या अर्थाचा, आता व्हेरी म्हणजे नुसतं 'फार'. आपला 'साक्षात' म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. पण नव्या सुनेला 'साक्षात लक्ष्मी' म्हटलं म्हणून कुणी संपादकाला पत्र लिहीत नाही. शाई तर 'स्याही'वरून आलेली, आणि स्याह म्हणजे काळं. मी पत्र निळ्या शाईने लिहीत होतो.

तरी लिहीत राहिलो. शेवटी एक ठणठणीत वाक्य टाकलं : 'आमच्या अपरोक्ष शब्दांचे अर्थ असे परस्पर बदलले जाणे आम्हांस मान्य नाही.' सही करायला पेन टेकवलं आणि अण्णा आठवले.

आमची नौपाड्यातली चाळ. अण्णा खिडकीपाशी पाटावर बसून पोस्टकार्डं लिहायचे, मुंगीएवढ्या अक्षरांत, पत्त्याच्या रेघेला टेकेपर्यंत. सगळी वेगवेगळ्या संपादकांना. छापून आलेलं पत्र कापून जुन्या डायरीत खळीने चिकटवायचे. खळ आई करून द्यायची, कपाळाला आठ्या घालून. अण्णांची आयुष्यभराची मोहीम एकाच शब्दासाठी होती, 'अपरोक्ष'. परोक्ष म्हणजे डोळ्यांपलीकडचं, पाठीमागचं. त्याला 'अ' लावला की अपरोक्ष, म्हणजे डोळ्यांपलीकडे नसलेलं, अगदी समोरचं. वेदान्तात अपरोक्षानुभूती म्हणतात ती याच अर्थाने. आणि अख्खा महाराष्ट्र मात्र 'माझ्या अपरोक्ष' असं म्हणून 'माझ्या माघारी' सांगत असतो. हा शब्द झिजला नाही, सरळ कोलांटी मारून मोकळा झाला. मला वाटतं, त्या 'अ'नेच घात केला. गैरहजेरी सांगायची तर शब्दात कुठेतरी नकार हवा, असं कानाला वाटत असावं. उपस्थित-अनुपस्थित, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष, मग त्याच चालीवर हेही.

एकदा डब्यातले लाडू कमी भरले. आईने मला धरलं. मी म्हणालो, 'मी नाही, दादाने अण्णांच्या अपरोक्ष खाल्ले.' अण्णांनी कार्डावरून मान वर केली. 'माझ्या डोळ्यांदेखत? मग मला कसा नाही दिसला?' चोर राहिला बाजूला, मलाच शब्द दहा वेळा घोटून लिहावा लागला. दादा लाडू खात बघत होता, माझ्या अपरोक्ष. म्हणजे समोर बसून. हे वाक्य तुम्हालाही दोनदा वाचावं लागलं असेल.

त्या अण्णांचा मुलगा मी. आणि शब्दांच्या शुद्धतेसाठी लिहिलेल्या पत्रात, सहीच्या बरोबर वर, मीच तो शब्द उलटा वापरून बसलो होतो. दुरुस्त करून 'परोक्ष' लिहावं तर पुरवणी वाचणाऱ्या पोरांना कळणार नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्मे ती छपाईची चूक समजतील. 'माघारी' लिहिलं. साधा शब्द, पण पत्रातली हवा गेली.

पत्र अजून टेबलावरच आहे. त्यात एक गोष्ट घालायची होती, घातली नाही. गेल्या वर्षी आमची ती चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. पाडायचं काम सुरू झालं त्या दिवशी बघायला जायचंच म्हणून आई हटून बसली, कळव्याहून भाची तिला घेऊन गेली. मी ऑफिसात. दुपारी भाचीचा फोन आला, 'मामा, आजी लिटरली कोसळलीये.' याच पोरीची परीक्षेत लिटरली वाट लागते, पावसात ती लिटरली वाहून जाते. मी म्हणालो, 'साहजिक आहे गं, चाळीस वर्षं काढली तिने तिथे. रडू दे थोडं. पाणी दे, कुठेतरी सावलीत बसव.' हातातला चहा संपवत होतो.

'मामा, बसवू कशी? तिला उठताच येत नाहीये.'

खुब्याचं हाड मोडलं होतं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. भाचीला त्या दिवशी दुसरा कुठला शब्द वापरता आला असता, ते मी अजून शोधतोय.