नऊ पन्नास की दहा पन्नास : एका चौकशीचा माझा अनुभव

सर्पदंशाच्या एका केसची चौकशी आमच्या ग्रामीण रुग्णालयावर लागली होती. ती संपली, अहवाल आला, पण जिल्ह्याच्या कार्यालयातल्या त्या टेबलाचा राग अजून गेला नाही. माझा खुलासा तिथून परत यायचा आणि वर एकच शेरा असायचा : "वेळ जुळत नाही." कोणती वेळ, कशाशी जुळत नाही, हे काही लिहिलेलं नसायचं. आम्हाला मात्र नोंदी मोघम नसाव्यात म्हणून दर सहा महिन्यांनी परिपत्रक येतं.

आधी केस सांगते, म्हणजे भांडण कशाचं होतं ते कळेल.

पावसाळ्याचे दिवस, सोयाबीनच्या धुऱ्यावर गवत कापताना एका बाईला पायाला साप चावला. संध्याकाळी सातची वेळ. घरच्यांनी आधी गावातल्या बाबाकडे नेलं, तिथून आमच्याकडे आणलं. रात्री ९.१० ला ती कॅज्युअल्टीत होती. पायाला सूज, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, घोणस असावी म्हणाले. ९.२० ला मी दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन उभं ठेवलं. वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग एकदाच तिरपी करायची. ९.४० ला तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नाही, म्हणजे विष रक्तात भिनलेलं. डॉक्टरांनी तोंडी ऑर्डर दिली, दहा व्हायल एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध. ही भुकटी असते, प्रत्येक व्हायलमध्ये दहा मिली डिस्टिल्ड वॉटर घालून हलक्या हाताने फिरवावी लागते, जोरात हलवली तर फेस होतो. माझ्यासोबतच्या सिस्टर आणि मी दोघींनी मिळून ते केलं आणि ९.५० ला सलाईनमधून सुरू केलं. बाटलीवर स्टिकिंगची पट्टी चिकटवून मी त्यावर "एएसव्ही, ९.५०" लिहिलं.

१०.०५ ला रिअ‍ॅक्शन आली. अंगभर गांधी, उलटी, नाडी १३०, बीपी ८०/५०. एएसव्ही बंद केलं, अ‍ॅड्रेनालिन अर्धा मिलिग्रॅम मांडीत स्नायूत दिलं, बीपी सावरल्यावर १०.२५ ला पुन्हा हळू सुरू केलं. ११.१५ ला डोस संपला. १०८ ची गाडी आली आणि ११.४० ला बाई मेडिकल कॉलेजकडे निघाली. दुसऱ्या दिवशी तिथे तिचा मृत्यू झाला.

नातेवाइकांची तक्रार अशी की औषध एक तास उशिरा दिलं. आणि त्यांच्याकडे पुरावा होता. मुलाने रात्री साडेअकराला आमच्या औषधांच्या चार्टचा मोबाईलवर फोटो काढला होता. त्या फोटोत एएसव्हीच्या ओळीत वेळ होती, पण ती नीट वाचता येत नव्हती. झालं असं की पुन्हा सुरू करताना दुसऱ्या सिस्टरने वेगळी ओळ न घेता ९.५० च्या आकड्यांवरच १०.२५ गिरवलं होतं. दोन्ही वेळा एकमेकींत मिसळल्या आणि दिसायचं १०.५०. रिकामी ओळ खाली होतीच. पण त्या वेळी पेशंट थरथरत होती आणि हाताला जी जागा सापडली तिथे लिहिलं गेलं. त्या सिस्टरला मी बोल लावत नाही. तरी ओव्हररायटिंगचं दुखणं हेच आहे की खालचं खरं असो की वरचं खरं, दोन्ही गेलं. वाचणारा स्वतःला सोयीचं वाचतो.

आता अडकलेली जागा. चौकशीची नोटीस आली त्या दिवशी वरिष्ठांपैकी एकांनी केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, "ते एक पान नवीन लिहून टाका ना सिस्टर. कोणाले काय समजते?" मी म्हटलं, "सर, फोटो त्यांच्याकडे आहे." "मग काय झालं? फोटो अंधुक आहे." बाहेर आमचे बाबूही तेच, "ताई, काहून एवढं ताणता? एक पान तर आहे."

एक पान नसतं ते. त्या रात्रीची रेफर चिठ्ठी मेडिकल कॉलेजच्या फाईलला लागलेली होती आणि तिच्यात वेळा होत्या. एएसव्ही स्टॉकच्या रजिस्टरला बॅच नंबरसह दहा व्हायल लागल्या होत्या. सर्पदंश म्हणून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसच्या, रजिस्टरला नोंद होती. १०८ च्या कॉल सेंटरकडे त्यांची वेळ होती. आपण एक पान बदललं की ते बाकी सगळ्या कागदांशी भांडायला लागतं, आणि मग उशिराचा मुद्दा बाजूला राहून बनावट कागदाचा मुद्दा उभा राहतो. सरकारी नोकराने कोणाला शिक्षेतून वाचवायला जाणूनबुजून चुकीचं रेकॉर्ड तयार केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २५६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे मी वकील नातलगाकडून पक्कं करून घेतलं. त्यांनीच आणखी एक दाखवलं जे आमच्यात कोणाला माहीत नव्हतं. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम १०६(१), यात डॉक्टरांना उपचार करताना झालेल्या गोष्टीसाठी दोन वर्षांपर्यंतची कमी शिक्षा ठेवली आहे. पण तिथे डॉक्टर म्हणजे मेडिकल रजिस्टरला नाव असलेले. नर्स त्या व्याख्येत बसत नाही, तिच्यासाठी कलमातली पाच वर्षांची मर्यादाच वाचावी लागते. म्हणजे ज्यांनी पान बदला म्हटलं त्यांच्यापेक्षा लिहिणाऱ्या हाताला जास्त धोका. पान बदललं नाही. चार्ट होता तसाच झेरॉक्स काढून, प्रत्येक पानावर सही-शिक्का घेऊन पाठवला आणि पोच घेतली. पोच घ्याच. नंतर त्याच टेबलावर "पान क्रमांक चार मिळालंच नाही" असं ऐकवलं गेलं तेव्हा ती पोच कामी आली.

मग खुलाशाचं जाणं-येणं सुरू झालं. वेळ जुळत नाही, वेळ जुळत नाही. शेवटी मीच बसून कोणती वेळ कुठून आली त्याची मांडणी केली, आणि तिथे गाठ सुटली.

डॉक्टरांच्या एएसव्हीच्या ऑर्डरवर वेळच नव्हती, तोंडी ऑर्डर नंतर लिहिलेली. पण अ‍ॅड्रेनालिनच्या ऑर्डरवर त्यांच्याच अक्षरात १०.०५ होतं. एएसव्हीची रिअ‍ॅक्शन एएसव्ही सुरू होण्याआधी येऊ शकत नाही. म्हणजे १०.०५ च्या आधी औषध चालू होतं हे सिद्ध. आणि रक्ताची नळी ९.४० ला वाचली अशी नोंद होती, तिच्याआधी औषधाची ऑर्डर नव्हतीच. ९.४० आणि १०.०५ यांच्यामध्ये दहा पन्नास बसतच नाही. समितीतल्या मॅडमनी हे वाचून मान हलवली आणि पहिल्यांदा कोणी मला बसायला खुर्ची दिली.

दुसरा आधार माझी उशिराची नोंद. त्यावरही आधी आक्षेप होता, "पेशंट गेल्यावर लिहिलं म्हणजे रचून लिहिलं." उशिरा लिहिणं हा गुन्हा नाही, उशिरा लिहिलेलं वेळेवर लिहिल्यासारखं दाखवणं हा घोटाळा. मी लिहिली होती ती अशी (आम्ही इंग्रजीत लिहितो, इथे मराठीत देते) :

"रात्री ११.५५. उशिराची नोंद, ९.५० ते ११.४० या काळाची. पेशंटजवळ व रेफरच्या कामात असल्याने त्या वेळी लिहिता आले नाही. ९.५० एएसव्ही दहा व्हायल सुरू, वेळ बाटलीवरील पट्टीवरून. १०.०५ गांधी, उलटी एक, नाडी १३०, बीपी ८०/५०, एएसव्ही बंद, डॉक्टर कॉटजवळ हजर, त्यांच्या सांगण्यावरून अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम मांडीत. १०.२५ बीपी १००/६०, एएसव्ही पुन्हा हळू सुरू. १०.४० अंदाजे, मुलाला रेफरबद्दल सांगितले."

खाली सही, नाव, हुद्दा. आदल्या नोंदीच्या खालीच लिहिली, मधल्या रिकाम्या जागेत किंवा समासात घुसवली नाही. "अंदाजे" हा शब्द मुद्दाम आहे, कारण मुलाशी बोलले ती वेळ मी घड्याळात पाहिली नव्हती. समितीने नेमका तोच शब्द उचलला आणि म्हटलं, हे खरं वाटतं.

याच फाईलमध्ये दुसरी एक ओळ होती : "पेशंटची स्थिती बरी, एएसव्ही दिले, डॉक्टरांना कळवले." तिच्यावर किती वेळ गेला विचारू नका. स्थिती बरी म्हणजे बीपी किती? किती व्हायल? कोणत्या डॉक्टरांना, फोनवर की समोर, काय सांगितलं, ते काय म्हणाले? त्या ओळीने कोणालाच वाचवलं नाही, ना पेशंटला ना आम्हाला. चुकीचं लिहिलं गेलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही, तारीख, वेळ. व्हाइटनर तर वॉर्डात ठेवूच नये.

आठवलं म्हणून सांगते, नातेवाइकांना शत्रू समजू नका. त्याच फाईलवर त्यांचं शेतकरी अपघाताचं दोन लाखांचं अनुदान अवलंबून होतं. कॅज्युअल्टीत कोणी "अनोळखी दंश" लिहून सोडलं असतं तर तहसीलला त्यांचे हेलपाटे वाढले असते. आम्ही "सर्पदंश, साप नातेवाइकांनी पाहिला, आणला नाही" असं लिहिलं होतं, ते त्यांच्या कामी आलं.

आणि शेवटची गंमत. १०८ ची वेळ आमच्या नोंदीशी सात मिनिटांनी जुळत नव्हती. टेबलावरच्या साहेबांना हेच दिसत होतं, पण सांगायला सुचत नव्हतं. आमच्या कॅज्युअल्टीतलं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, इतकंच. त्या रात्रीच्या आमच्या सगळ्या वेळा त्याच एका घड्याळाच्या, त्यामुळे मधली अंतरं बरोबरच होती, हे लिहून द्यावं लागलं. तेव्हापासून आधीच्या ड्युटीकडून ओव्हर घेताना मी मोबाईलची वेळ आणि भिंतीची वेळ ओव्हर बुकात शेजारी शेजारी लिहिते. नवीन घड्याळाचा मागणी अर्ज पाठवलाय. तो त्याच टेबलावर आहे.