करमुक्त शेती, आणि तरीही वाढलेला कर

"शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे ना, मग विवरणपत्रात ते दाखवायचे कशाला? आणि दाखवले की पगारावरचा कर वाढतो, तो कसा काय?"

शेतीच्या उत्पन्नातल्या एका रुपयावरही केंद्र सरकार आयकर घेत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे आणि केंद्राला शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसवता येतो. मात्र त्या इतर उत्पन्नाला कोणता दर लावायचा, हे ठरवताना शेतीच्या उत्पन्नाकडे पाहायला घटनेची आडकाठी नाही. के. एन. राज समितीने 1972 मध्ये हीच वाट सुचवली आणि 1973 च्या वित्त अधिनियमाने ती कायद्यात आणली. तिला अंशतः एकत्रीकरणाची पद्धत म्हणतात. पगार आणि शेती दोन्ही असलेल्या माणसाची करभरण्याची ऐपत नुसता पगार असलेल्या माणसापेक्षा जास्त असते, असा त्यामागचा विचार आहे आणि मला तो न्याय्य वाटतो. मला खंत आहे ती वेगळी. ज्यांना ही पद्धत लागू होते, त्यांपैकी अनेकांना ती वेळेवर कोणी सांगत नाही.

मी निफाड तालुक्यात करसल्ल्याचे काम करतो. फेब्रुवारीत एक माध्यमिक शिक्षक माझ्याकडे आले होते. त्यांच्या परवानगीने आकडे सोपे करून सांगतो. 2025-26 या वर्षाचा त्यांचा पगार 10 लाख 75 हजार रुपये होता. नव्या करप्रणालीतली 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन 10 लाख उरत होते. बारा लाखांपर्यंत कर नाही, हे त्यांनी ऐकलेले होते आणि नोकरीच्या ठिकाणीही त्यांच्या पगारातून काहीच कापलेले नव्हते. शिवाय वाटणीत त्यांच्या स्वतःच्या नावावर आलेली दोन एकर द्राक्षबाग होती. जानेवारीतच तोडणी उरकली होती आणि 220 क्विंटल माल बांधावर किलोला 50 रुपयांनी गेला होता, म्हणजे 11 लाख रुपये आले होते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधे, खते, मजुरी आणि पाणी यांचा खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न 6 लाख होते.

ही पद्धत दोन अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच लागू होते. निव्वळ शेती उत्पन्न 5 हजारांपेक्षा जास्त हवे आणि शेतीखेरीज इतर उत्पन्न करमाफीच्या मूळ मर्यादेपेक्षा, म्हणजे नव्या प्रणालीत 4 लाखांपेक्षा, जास्त हवे. म्हणूनच ज्याचे सगळे उत्पन्न शेतीचेच आहे, त्याचे ते 50 लाख असले तरी या हिशोबाशी त्याचा संबंध येत नाही. कंपन्या आणि भागीदारी संस्था यांना एकाच सपाट दराने कर लागतो, त्यामुळे त्यांनाही ही पद्धत लागू नाही.

गुरुजींच्या बाबतीत दोन्ही अटी पूर्ण होत होत्या. पहिल्या पायरीत पगाराचे 10 लाख आणि शेतीचे 6 लाख मिळून 16 लाखांवर कर काढायचा, तो 1 लाख 20 हजार येतो. दुसऱ्या पायरीत शेतीचे 6 लाख आणि मूळ मर्यादेचे 4 लाख मिळून 10 लाखांवर कर काढायचा, तो 40 हजार येतो. पहिल्यातून दुसरा वजा केला की 80 हजार उरतात आणि हा त्यांच्या पगारावरचा कर.

वजाबाकीत ते 4 लाख कशासाठी मिळवतात, हे गुरुजींनी लगेच विचारले. मी त्यांना कागदावर एक शिडी काढून दाखवली. शिडीची सर्वांत खालची, शून्य कराची 4 लाखांची पायरी पगारासाठीच राखून ठेवलेली असते. तिच्यावर 4 ते 10 लाखांपर्यंतच्या जागेत शेतीचे 6 लाख येऊन बसतात आणि त्या जागेचा कर कोणी मागत नाही. पगाराच्या उरलेल्या 6 लाखांना मात्र त्यांच्यावर, 10 ते 16 लाखांच्या जागेत बसावे लागते. तिथे पहिल्या 2 लाखांना 10 टक्के आणि पुढच्या 4 लाखांना 15 टक्के दर आहे, म्हणून 20 हजार आणि 60 हजार मिळून तेच 80 हजार येतात. शेती नसती तर हेच 6 लाख खालच्या पायऱ्यांवर बसले असते आणि कर 40 हजारच आला असता.

आता बारा लाखांच्या सवलतीकडे येऊ, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर कलम 87अ खाली करात सूट मिळते, पण तिची कमाल रक्कम 60 हजार आहे. शेती उत्पन्न त्या बारा लाखांत मोजले जात नाही, म्हणून गुरुजी सुटीला पात्र होतेच. शेती नसती तर 40 हजारांचा सगळा कर या सुटीत विरला असता आणि त्यांना काहीच भरावे लागले नसते. शेतीमुळे तो 80 हजार झाला, त्यातले 60 हजार माफ झाले आणि 20 हजार उरले. त्यावर 4 टक्के उपकर धरून 20 हजार 800 रुपये द्यावे लागणार होते.

देणे 10 हजार किंवा त्याहून जास्त असल्याने तो अग्रिम कर म्हणून वर्षातच भरायला हवा होता. आधीच्या हप्त्यांवरचे थोडे व्याज टळले नाही, पण 15 मार्चच्या आत चलन भरल्याने एप्रिलपासून दरमहा 1 टक्क्याने चढणारे व्याज वाचले.

खर्चाची वही किती मोलाची आहे, हे याच हिशोबात दिसते. गुरुजी आले तेव्हा त्यांच्या कागदावर शेती उत्पन्न म्हणून सरळ 11 लाख लिहिलेले होते. तेच धरले असते तर 21 लाखांवरचा कर 2 लाख 25 हजार, त्यातून 15 लाखांवरचा 1 लाख 5 हजार वजा जाता 1 लाख 20 हजार आणि सूट धरून उपकरासह 62 हजार 400 भरावे लागले असते, म्हणजे बरोबर तिप्पट. औषधांची बिले त्यांच्याकडे होती, पण रोख दिलेल्या मजुरीची नोंद नव्हती. सुदैवाने मुकादमाच्या वहीत तारीखवार हजेरी आणि रक्कम होती, तिच्यावरून सही घेऊन आम्ही पावत्या केल्या. घरच्या माणसांनी बागेत राबून केलेल्या कामाचा खर्च मात्र धरता येत नाही.

गारपिटीने बाग गेली आणि शेतीत तोटा आला, तर तो पगारातून वजा होत नाही. त्या वर्षी शेती उत्पन्न शून्य समजतात आणि तोटा पुढच्या आठ वर्षांतल्या शेती उत्पन्नातूनच वळता करता येतो, म्हणून तोट्याच्या वर्षीही तो विवरणपत्रात नोंदवून ठेवावा. गाईंचे दूध विकून येणारा पैसा शेती उत्पन्नात धरू नये, तो करपात्र असतो.

गुरुजी दरवर्षी ITR-1 भरत आले होते. शेती उत्पन्न 5 हजारांच्या वर गेले की तो नमुना चालत नाही, पगारदाराला ITR-2 घ्यावा लागतो. त्यात Schedule EI मध्ये एकूण आवक, खर्च आणि मागचा तोटा वेगवेगळा लिहायचा असतो. निव्वळ रक्कम 5 लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, एकरांत क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाने घेतलेली आणि बागायत की जिरायत, हेही विचारतात. त्यासाठी मी त्यांना सातबाराचा ताजा उतारा आणायला सांगितला आणि त्यावर पीक म्हणून द्राक्षाचीच नोंद आहे ना, हे आम्ही आधी पाहून घेतले.